पहाटे चारची पावती

वाशीच्या एपीएमसीतल्या एका गाळ्यावरच्या मेहताजींची आमच्या पावतीच्या अ‍ॅपबद्दल तक्रार होती, ‘आवक पावतीवर कधीकधी कालची तारीख येते.’ महापेच्या ऑफिसात आम्ही वीस पावत्या काढून पाहिल्या, सगळ्या बरोबर आल्या. तक्रारीचं तिकीट `Cannot Reproduce`, म्हणजे ‘चूक पुन्हा घडवता आली नाही’, म्हणून बंद करायचं ठरलं.

अशा वेळी ‘आमच्याकडे नीट चालतंय’ एवढंच लिहिलं, तर समोरच्याला ते ‘तुमचंच काहीतरी चुकतंय’ असं ऐकू येतं आणि पुढच्या खेपेस तो तक्रारच करत नाही. म्हणून आम्ही नेमकं काय करून पाहिलं, ते मी लिहिलं:

“मेहताजी, तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला, त्यात तारीख चुकलेली आहेच. आम्ही तुमच्याच व्हर्जनवर, दोन अँड्रॉइड फोनवर, सकाळी 11 ते संध्याकाळी 5 मध्ये 20 पावत्या काढल्या. एकही चुकली नाही, म्हणून तिकीट सध्या बंद करतेय. यातलं काही तुमच्याकडे वेगळं असेल तर इथेच कळवा, हेच तिकीट पुन्हा उघडू.”

तासाभरात उत्तर आलं. “मॅडम, अकराला आमचा बाजार उठत आलेला असतो. मी पावत्या पहाटे चारला फाडतो.”

फोनचं घड्याळ 4:10 वर नेलं आणि पहिल्याच पावतीवर कालची तारीख आली. 5:29 लाही चूक, 5:30 ला बरोबर! कोडमध्ये ही ओळ होती:

```js
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे देते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचाच दिवस चालू असतो. तारीख भारतीय वेळेनुसार काढली आणि प्रश्न मिटला. वेळ लिहिली नसती, तर नेमका फरक कुठे आहे हे मेहताजींना कळायला मार्गच नव्हता.

मग त्यांनी मागितलं, की जुन्या पावत्यांच्या तारखाही बदला. हे `Won't Fix`, म्हणजे ‘दुरुस्त करणार नाही’, होतं, पण तिकिटावर ते दोन शब्द दिसण्याआधी मी फोन केला. त्या पावत्यांचे कागद शेतकऱ्यांकडे आणि गाडीवाल्यांकडे गेले आहेत. आज आपण सिस्टीममधली तारीख बदलली तर कागद एक सांगेल आणि सिस्टीम दुसरंच, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग महिनाअखेरीला हिशेब कसा जुळवू?” त्यांची खरी अडचण ही होती. प्रत्येक नोंदीची अचूक वेळ सर्व्हरवर होती, ती भारतीय वेळेत दाखवणारा एक रकाना रिपोर्टमध्ये वाढवला. कारण, हा पर्याय आणि आमचं फोनवर झालेलं बोलणं तिकिटावर लिहिलं आणि मगच ते बंद केलं.

पुढच्या आठवड्यात मेहताजींची नवी तक्रार आली. त्यात पहिल्याच ओळीत वेळ लिहिली होती: पहाटे 3:40.