दरडीची नोटीस येते, पण जायचं कुठे आणि कधी? माझा अनुभव

दर जूनमध्ये आमच्या वाडीत नोटीस येते. मजकूर वर्षानुवर्षं तोच, तुमची वाडी दरडप्रवण आहे, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, न केल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल, आणि खाली सही करा. सुरक्षित ठिकाण कुठलं, किती पावसाला निघायचं, गुरांचं काय करायचं, यातलं एक अक्षर त्यात नसतं. आमची वाडी रायगड-सातारा हद्दीकडे, घाटाखाली. आमचे हे नोकरीला मुंबईत, घरी मी, सासूबाई, दोन पोरं, एक म्हैस आणि बैलजोडी. हे सगळं घेऊन "स्थलांतर करावे" म्हणजे नेमकं काय ते गेल्या पावसाळ्यात मी स्वतः शोधून काढलं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ डोंगराने नाही, ऑफिसने खाल्ला.

घरामागे वर नाचणीची वरकस जमीन आहे. तिथे मृगाच्या पावसानंतर भेग दिसली. उन्हाळ्यात जमीन तडकते तशी जाळीसारखी नव्हती, एकच सलग, कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली आणि दोन्ही टोकं खाली घराकडे वळलेली. असा आकार दिसला की समजायचं की भेगेखालचा अख्खा तुकडा सुटायला लागलाय. आमच्याकडे खाली काळा कातळ आणि त्यावर मुरूम-मातीचा थर, पाऊस मातीत मुरतो पण कातळात जात नाही, मग तो दोघांच्या मधून वाहायला लागतो आणि वरचा थर जड होऊन घसरतो. त्यात आमच्या शेजारी रस्त्यासाठी जेसीबीने डोंगराचा पायथा उभा कापलाय, म्हणजे खालचा आधारही गेला.

भेगेच्या दोन्ही बाजूला मी एकेक खुंटी ठोकली, खुंट्यांच्या डोक्यात खिळा मारला आणि टेपने खिळ्यापासून खिळ्यापर्यंत अंतर मोजून पोराच्या वहीत तारीख घालून लिहिलं. नुसत्या डोळ्याने भेग वाढली की नाही ते कळत नाही, आणि "वाढल्यासारखी वाटते" असं सांगितलं की कोणी ऐकत नाही. घराच्या भिंतीलाही तडा होता, त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली, भिंत हलली तर काच तडकणार. भेगेत चिकणमाती ठासून वर ताडपत्री टाकली आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढलं. याने दरड थांबत नाही हं, फक्त भेगेतून थेट आत जाणारं पाणी कमी होतं.

आता ऑफिस. तालुक्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले तर टेबलवाल्यांनी न वाचताच विचारलं, "नोटीस मिळाली ना ताई?" मिळाली म्हटलं. "मग झालं, सुरक्षित ठिकाणी जा." मी म्हटलं भाऊसाहेब, तेच विचारायला आलेय, ठिकाण सांगा. तर ते ग्रामपंचायत सांगेल. ग्रामपंचायत म्हणाली शाळा आहे ना. शाळा आहे, पण पावसाळ्यात शनिवार-रविवार आणि रात्री तिला कुलूप, चावी गुरुजींकडे आणि गुरुजी राहतात तालुक्याला. गुरुजी बिचारे म्हणाले मला वरून लेखी पाहिजे, नाहीतर उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. वरचे म्हणाले आधी पाहणी होऊ दे. पाहणीसाठी भूवैज्ञानिक साहेब जिल्ह्यावरून येणार, ते कधी येणार तर पत्र गेलंय. पुढच्या खेपेला तो टेबलवाला बदललेला, आणि माझा अर्ज सापडेना. परत लिहून द्या म्हणाले. बाहेर पाऊस लागून राहिलेला, घरी सासूबाई एकट्या, आणि मी तिथे बाकड्यावर बसून तेच पुन्हा लिहितेय, तेव्हाचा संताप अजून उतरलेला नाही. माझी भेग त्या आठवड्यात बोटभर रुंदावली होती आणि तिथे विषय चालू होता की हे खातं आपलं की त्यांचं.

म्हणून पहिलं सांगते, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्यांदा मी पोच घेतली आणि मगच कागद हलला. दुसरं, नुसतं "पाहणी व्हावी" असं लिहू नका, पाहणीची वाट बघण्यात पावसाळा निघून जातो. मी दुसऱ्या अर्जात सरळ लिहिलं की अलर्ट असेल त्या दिवशी शाळेची खोली रात्रंदिवस उघडी मिळावी, एक चावी पोलीस पाटलांकडे असावी, आणि गुरं बांधायला शाळेमागचं पटांगण वापरू द्यावं. सोबत भेगेचे फोटो, फोटोत टेप पसरलेली, आकडा वाचता येईल असा, आणि वहीच्या पानाची झेरॉक्स. वाडीतल्या बायकांना घेऊन गेले, सगळ्यांच्या सह्या. आकडे बघितल्यावर साहेब पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. चावी मिळाली! भूवैज्ञानिक साहेबही मग आले, वरकस बघून म्हणाले पाऊस वाढला की इथे झोपू नका. लेखी अहवाल मात्र माझ्या हातात अजून आलेला नाही.

गुरांचा मुद्दा मी मुद्दाम घातला कारण आमच्याकडे माणसं घर सोडत नाहीत ती म्हशीपायी. रात्री दूध काढायला, सकाळी वैरण घालायला परत जातात आणि नेमकी तेव्हा सापडतात. गुरांची सोय नसलेलं स्थलांतर कागदावरच राहतं.

आता निघायचं कधी. याचं उत्तर मला डोंगराकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून मिळालं. वाडीतून बाहेर पडायला एकच वाट, तिच्यावर पऱ्यावरची, म्हणजे ओढ्यावरची मोरी, पुढे नदीकाठचा रस्ता. डोंगर खाली येईल तेव्हा येईल, मोरी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जाते. एकदा मोरी गेली की घाटाचा रस्ताही बहुतेक वेळा दरडीने बंद झालेला असतो, मग ना आपण बाहेर ना मदत आत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला तेव्हा हेच झालं. ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि महाड पुरात बुडालेलं, रस्ते दरडींनी अडलेले, म्हणून बचावाची पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. त्याच वेळी वर महाबळेश्वरला २४ तासात जवळपास ६०० मिमी पाऊस पडला होता, आणि ते पाणी सावित्रीतून आमच्याच बाजूला उतरतं. त्यामुळे फक्त आपल्या अंगणातला पाऊस बघून चालत नाही, घाटमाथ्यावरचा आकडाही बघायचा.

अंगणातला पाऊस मोजायला तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा घेतला, वरचं तोंड पूर्ण कापून झाडापासून लांब उघड्यावर ठेवला. बाजू सरळ असल्या की पट्टीने पाण्याची उंची मोजली की तेवढे मिलिमीटर पाऊस, प्लास्टिकची बादली खाली निमुळती असते म्हणून ती चालत नाही. सकाळी साडेआठला मोजायचं, लिहायचं, डबा रिकामा करायचा. आमच्या घरापुरता नियम असा ठरवला की एका दिवसात २०० मिमी झाला, किंवा सलग तीन दिवस शंभरच्या वर होऊन उद्याचाही ऑरेंज किंवा रेड अलर्ट असला, की निघायचं. जमीन आधीच भिजलेली असते तेव्हा थोड्या पावसातही सुटते, म्हणून तीन दिवसांचा हिशोब. हा आकडा सगळ्या डोंगरांना लागू नाही, तुमच्याकडचा उतार, माती, कापलेला पायथा बघून कमी करा.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर डबा बघायचाच नाही. कोरड्या जागी नवीन उपळ, म्हणजे जमिनीतून झरा फुटणं, किंवा नेहमीची स्वच्छ उपळ अचानक गढूळ, लाल येणं. दार-खिडकी एकाएकी अडकणं. गडगा पोट सुटल्यासारखा बाहेर येणं, विजेचा खांब किंवा झाड कलणं. सगळ्यात फसवी खूण म्हणजे पाऊस धो धो चालू आणि पऱ्याचं पाणी एकदम कमी होणं. माणसाला वाटतं ओसरलं, पण वर दरडीने पऱ्या तुंबलेला असतो आणि तो फुटला की सगळं एकदम येतं. वरून घरघर आवाज किंवा दगड गडगडले तर आवरायचं काही नाही, पऱ्याच्या कडेने खाली न पळता आडवं, बाजूच्या दांडावर, म्हणजे डोंगराच्या उंच सोंडेवर जायचं.

त्या दिवशी सकाळी डब्यात पाणी २०० च्या वर होतं आणि खुंट्यांमधलं अंतर आदल्या संध्याकाळपेक्षा दोन बोटं जास्त. शेजारचे आबा म्हणाले, "सूनबाई, जेवून निघू, दुपारी उघडेल." मी नाही म्हटलं, काळोख पडायच्या आत सगळे शाळेत पाहिजेत. रेशनकार्ड, सातबारा, सासूबाईंची बीपीची औषधं, टॉर्च हे आधीच एका पिशवीत होतं, गुरं पुढे घातली आणि दुपारच्या आत मोरी ओलांडली. आबाही आले. संध्याकाळी मोरीवर कमरेएवढं पाणी होतं. रात्री वरकसाचा तुकडा सुटला आणि चिखल गोठ्याची मागची भिंत पाडून आत आला. गोठा रिकामा होता. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

आमचं नाव यादीत नाही म्हणून निवांत बसलेल्या वाड्यांनी एवढं लक्षात ठेवा, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली खालापूरची इर्शाळवाडी सरकारच्या दरडप्रवण यादीत नव्हती.

परत येण्याचीही घाई नको. पाऊस थांबला तरी मुरलेलं पाणी आतून वाहत असतं आणि उघडीप पडल्यावरही दरडी येतात. आम्ही परतलो ते खुंट्यांमधलं अंतर दोन दिवस जराही वाढलं नाही आणि उपळ स्वच्छ झाली तेव्हा, तेही आधी दिवसा एक मोठं माणूस बाजूच्या दांडावरून बघून आल्यावर. काही वेगळं दिसलं तर १०७७ वर, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कळवा आणि फोन घेणाऱ्याचं नाव, वेळ वहीत लिहा. आमचा कापलेल्या पायथ्याला संरक्षक भिंत बांधायचा अर्ज अजून तिथेच पडून आहे, त्याचाही आवक नंबर माझ्याकडे आहे.