संध्याकाळची सूज आणि सकाळची सूज

मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकचा गोल वळ दिसतो ना, तो मला दिवसभराचा हजेरीपट वाटतो. किती वेळ खुर्चीतून उठलो नाही ते त्यावर बरोबर कळतं. सकाळी पायात सहज गेलेली चप्पल संध्याकाळी घट्ट होते, अंगठ्याने नडगीच्या खाली पाच-दहा सेकंद दाबलं तर खळगा पडतो आणि तो भरून यायला जरा वेळ लागतो. बरेच जण हे बघून थेट किडनीपर्यंत पोचतात. पण दोन्ही पायांना सारखी सूज असेल, दिवसभरात हळूहळू चढली असेल आणि रात्री झोपून सकाळी उतरली असेल, तर बहुतेक वेळा दोष खुर्चीचाच असतो.

होतं काय की आपण नुसतं उभं राहिलं तरी घोट्यापाशी शिरांमधला दाब ८०-९० पर्यंत जातो (हा बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), आणि चालायला लागलं की काही पावलांतच तो २०-३० वर येतो, कारण पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळून रक्त वर ढकलतो. बसलेलं असताना दाब उभं राहण्याइतका नसतो, पण पोटरी गप्प असते म्हणून तो उतरतही नाही, मग बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपून आजूबाजूच्या मांसात साठत राहतं. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं मिनिटभर केलं तरी उपयोग होतो. तासातून एकदा उठून फेरी मारली तर त्याहून बरं. आणि ते घट्ट स्टॉकिंग्ज घालायचे असतील तर सकाळी, सूज चढायच्या आधी. संध्याकाळी सुजलेल्या पायावर ते ओढत बसणं म्हणजे नुसती कुस्ती.

गरोदरपणात हेच सगळं, पण जास्त जोरात. अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढलेलं असतं, त्यात पाण्याचा भाग जास्त, आणि वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसलेलं असतं, पाण्याच्या नळीवर कोणी पाय ठेवावा तसं. म्हणून कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपलं की पाय हलके होतात. यावर मीठ बंद करा, पाणी कमी प्या असे सल्ले फुकटात मिळतात ते सोडून द्यावेत, आणि लघवी होण्याची गोळी तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

माझी मावसबहीण आठव्या महिन्यात रोज संध्याकाळी मला पायांचे फोटो पाठवायची, खाली लिहायची "आज हत्ती". बसून काम, दोन्ही पाय सारखे, सकाळी उतरलेले, बीपी प्रत्येक व्हिजिटला ११०-७० च्या आसपास. काळजी करण्यासारखं काही नव्हतं आणि डॉक्टरही तेच म्हणत होत्या. मग पस्तिसाव्या आठवड्यात एकदा फोटो आला तो पायांचा नव्हता आणि संध्याकाळचाही नव्हता. सकाळी उठल्याउठल्या बोटातली अंगठी हलेना, पापण्या जड, चेहरा भरल्यासारखा, आणि डोकं रात्रीपासून दुखत होतं ते पॅरासिटामॉलनेही थांबलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं झोप नीट झाली नाही म्हणून असेल." मी म्हटलं, झोपेचं नंतर बघू, आधी बीपी मोजून ये.

बीपी निघालं १४८-९६. गडबडीत आली म्हणून वाढलं असेल असं धरून थांबवून ठेवलं, चार तासांनी परत मोजलं तर १४६-९४. लघवीत प्रोटीन दोन प्लस. म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. यात वारेपासून सुरू झालेली गडबड आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, बीपी चढतं, किडनी, लिव्हर, मेंदू सगळ्यांवर ताण येतो. रेषा १४०-९० ची, विसाव्या आठवड्यानंतर, काही तासांच्या अंतराने दोनदा. १६०-११० झालं की मग वाट बघायची नसते. तिला ॲडमिट करून घेतलं, बीपीच्या गोळ्या सुरू केल्या, प्लेटलेट्स आणि लिव्हरच्या टेस्ट परत परत केल्या, त्या नीट राहिल्या म्हणून सदतीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबून मग कळा आणवल्या. आई-बाळ दोघं ठीक.

मला यात लक्षात राहिलं ते हे की डॉक्टरांनी तिचे पाय जेमतेम बघितले. पूर्वी सूज ही या आजाराच्या निदानातच धरायचे, नंतर ती काढून टाकली, कारण पाय इतक्या जणींचे सुजतात की त्यावरून काहीच ठरत नाही. उलट काहींना बीपी भयंकर वाढूनही सूज नसते. त्यामुळे पाय बघून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही आणि नुसत्या पायांवरून घाबरण्यातही. चेहरा आणि हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे ठिपके किंवा चमक, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही आलं की त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासायची. पुढच्या व्हिजिटपर्यंत ढकलायचं नाही.

दुसरी जी सूज मला खरंच भीतीदायक वाटते ती एकाच पायाची. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली की असं होतं, लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर, आणि गरोदरपणात तर बहुतेक वेळा डाव्या पायात, कारण ओटीपोटात डावी शीर उजव्या बाजूच्या धमनीखाली दबलेली असते. गंमत अशी की सगळे पोटरी दुखते का हेच विचारतात, पण गरोदर बाईत गाठ वर ओटीपोटातच असू शकते, मग पोटरी अगदी ठीक आणि दुखणं जांघेत किंवा कुल्ह्यात, मांडीपर्यंत अख्खा पाय जाड. घरी टेपने गुडघ्याखाली साधारण १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजता येतात, दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे संशयाला जागा आहे. फरक कमी आला म्हणून गाठ नाही असं मात्र होत नाही, ते डॉपलर सोनोग्राफीच सांगते आणि ती गरोदरपणात करायला काही हरकत नसते. असा पाय चोळायचा नाही, मालिश तर नकोच. आणि सोबत दम लागला, छातीत दुखलं तर गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा सरळ इमर्जन्सी.

गरोदर नसलेल्यांनी गोळ्यांचं पाकीट पण बघावं. बीपीसाठीच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात हे कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगितलं की बदलून मिळते. पण सूज सकाळीही उतरत नसेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर प्रश्न हार्टचा नाहीतर किडनीचा असू शकतो.

आणि बाळंतपण झालं म्हणजे संपलं असं नाही. पहिले काही दिवस पाय आधीपेक्षा जास्त सुजतात, ते चालतं, हळूहळू उतरतं. पण प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत पहिल्यांदाच येऊ शकतो, आणि गाठीचा धोकाही याच आठवड्यांत सगळ्यात जास्त, नेमका जेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि आईचं डोकं दुखतंय तर जागरणामुळे असं ठरवून टाकलेलं असतं. बहीण घरी आल्यावर आम्ही बीपीचं मशीन पाळण्याशेजारीच ठेवलं होतं.