चहा झाला का, काकू?

"बाई, भांडण झाल्यावर आपणच आधी बोललो, तर चूक आपलीच होती असं होत नाही का?"

नाही होत. पण बहुतेकांना तसं वाटतं, कारण बोलायचं म्हटलं की आपण थेट भांडणाच्या विषयावरच उडी घेतो. माझंही तेच झालं होतं. दोनदा तोंडावर आपटले, तेव्हा कुठं जमलं.

एप्रिल २०१६ ची गोष्ट. लातुरात पाण्याच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लागलेलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर ती रेल्वे दिसायची आणि आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. गल्लीनं आपसात ठरवलं होतं, घरागणिक दोन ड्रम. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी चार मांडले. उन्हात तासभर उभी राहून माझं डोकं तापलेलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "घरात माणसं तीन आन् ड्रम चार? काकू, हिशेब येतो की मला." त्यांनी पाईप खाली टाकला. "ओ मॅडम, ते मोजणं शाळेत करा." एरवी त्या मला बाई म्हणत. बारा वर्षं बाई होते, ती एका मिनिटात मॅडम झाले. तिथून अबोला.

चौथ्या दिवशी मला राहवेना. वाटीभर शेवयाची खीर मुलीच्या हाती पाठवली. संध्याकाळी वाटी परत आली, घासूनपुसून लख्ख, रिकामी. आपल्याकडं दुसऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. म्हणजे निरोप स्पष्ट होता. तेव्हा मला राग आला. पुढं कळलं की खीर पाठवून मी त्यांच्यावर ओझंच टाकलं होतं. घ्यावी तर भांडण मिटलं असं होतं, न घ्यावी तर अन्नाला नाही म्हटल्यासारखं होतं.

दुसरी चूक एका बारशात. बायका बसल्या होत्या, काकू आत आल्या, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "काय काकू, बोलायचंच नाही असं ठरवलंय का?" दोघी-तिघी हसल्या. काकू मान फिरवून पाळण्याकडं गेल्या. मला वाटलेलं मी हात पुढं केलाय. खरं तर चारचौघांत त्यांना पेचात धरलं होतं. बोलल्या असत्या तर हरल्यासारखं, गप्प राहिल्या तर त्याच आडमुठ्या.

मग एका सकाळी शाळेला निघाले. काकू उंबऱ्यापुढं रांगोळी काढत होत्या. सडा टाकायला पाणी नव्हतं. कोरड्या फुफाट्यावर रांगोळी बसत नाही, वाऱ्यानं सरकते. त्या डाव्या हाताचा आडोसा करून एकेक ठिपका ठेवत होत्या. मी पर्स खांद्याला लावली, चालता चालताच म्हणाले, "चहा झाला का, काकू?" आणि थांबले नाही. मागून "हं" आलं. आलं की नुसता भास झाला, याचा विचार करत शाळेपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी परत तेच. परत "हं". तिसऱ्या दिवशी "झाला." पाचव्या की सहाव्या दिवशी "झाला. तुमचा?"

हा "तुमचा?" ऐकायचा असतो. नुसतं उत्तर म्हणजे तुमची रीत पाळली. उलट विचारलं, म्हणजे समोरच्यानं आपणहून एक पाऊल टाकलं. मी तेव्हाही थांबले नाही, "व्हय, आत्ताच" म्हणून पुढं गेले. त्या क्षणी थांबून ड्रमचा विषय काढायचा मोह फार होतो. काढला असता तर दुसऱ्या सकाळी दार लावलेलं दिसलं असतं, याची मला खात्री आहे.

आपल्याकडची विचारपूस मोठी सोयीची आहे. "जेवलाव का?", "कुठं निघालाव?", "चहा झाला का?" यातलं खरं उत्तर कुणाला नको असतं. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. माहिती द्यायला नव्हे, तर माणसांमधला धागा धरून ठेवायला केलेलं बोलणं. आमच्या आज्जीला हे नाव ठाऊक नव्हतं, तरी पारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती "कुठं निघालाव?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता सुपारी कातरत बसायची. या वाक्यात चूक कुणाची हे येतच नाही. मागणी असते ती एका शब्दाची, आणि तो शब्द दिल्यानं कुणी हरत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी "नाही" असं दिलं. माफी मागायची असेल तर ती वेगळी, तिची वेळ वेगळी. "राम राम"च्या पोटात माफी कोंबली की दोन्ही वाया जातात.

पण हाक जुनीच हवी. मी "काकू"च म्हणत राहिले. "नमस्कार हं" असं ताणून म्हटलं की तो टोमणा होतो, ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. आणि मोबाईलवर सकाळी फुलाचं चित्र पाठवून हे काम होत नाही. ते शंभर जणांना गेलेलं असतं, हे समोरच्यालाही माहीत असतं.

आठ-दहा दिवस "हं"सुद्धा आलं नाही तर? मग मी सोडून देते आणि सणाची वाट बघते. दसऱ्याला आपट्याची पानं, संक्रांतीला तिळगूळ. त्या दिवशी सगळेच सगळ्यांच्या दारी जातात, आधी कोण गेलं हे कुणी मोजत नाही. आणि ज्यानं अंगावर हात टाकलाय किंवा ज्याची भीती वाटते, त्याला चहा विचारायला जाऊ नका. तिथं लांबच राहायचं.

काकूंचं पुढं काय झालं? त्यानंतरचा टँकर आला तेव्हा रांगेत त्या माझ्या पुढं होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "बाई, तुमचा ड्रम सरकवा जरा पुढं." मॅडमची परत बाई झाले होते. पाणी भरताना त्यांनीच विषय काढला. जास्तीचे दोन ड्रम त्यांच्या विधवा बहिणीचे होते. ती मागच्या बोळात राहायची, तिथं टँकर शिरत नव्हता. भरलेलं पाणी काकूंचा मुलगा रात्री घागरींनी नेऊन टाकायचा. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही मोजलं."

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी जाऊन खडू आणला. कुठला ड्रम कुणाचा ते वर लिहिलं, त्या दोन्हींवर बहिणीचं नाव घातलं. पुढच्या फेरीपासून गल्लीत कुणी काही बोललं नाही. पाणी मात्र तेवढंच आलं, घरागणिक दोनच ड्रम.

आजही गल्लीत वर्गणी गोळा करायची झाली की काकू माझ्याकडं बोट दाखवतात. "बाईकडं द्या, त्यांना हिशेब येतो."