खाण्याजोग्या किलोचा भाव

आईचा व्हिडिओ कॉल आला की तिसऱ्या मिनिटाला भाजीचे भाव निघतात. "तिकडे टोमॅटो काय भाव?" मी युरोत सांगते, ती मनातल्या मनात शंभराने गुणते आणि गप्प होते. मग म्हणते, "आणि तू तसेच देतेस? भाव करत नाहीस?"

मी पुण्यात मंडईजवळ वाढले. भाजी घेणं म्हणजे आईच्या मागे पिशवी धरून उभं राहणं. ती भेंडीचं टोक मोडून बघायची, वांग्याचा देठ हिरवा आहे ना ते पाहायची, आणि मगच "कशी दिली?" असं विचारायची. आधी माल आणि मग भाव, हा क्रम तिने कधी मोडला नाही. बर्लिनला येऊन मला आता आठ वर्षं झाली. इथे भाव करता येतो का, या आईच्या प्रश्नाचं नीट उत्तर आज लिहून काढते.

सुपरमार्केटमध्ये भाव होत नाही, हे तर उघड आहे. पण तिथे एक गोष्ट मिळते, जी मला आपल्या मंडईत कधी मिळाली नव्हती. प्रत्येक पाकिटाच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा भाव लिहिलेला असतो. तो लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. 2022च्या मे महिन्यापासून तर लहान पाकिटांवरही 100 ग्रॅमचा भाव चालत नाही, किलोचाच लागतो. त्यामुळे 1.79 युरोचं अर्ध्या किलोचं ढोबळ्या मिरच्यांचं पाकीट खरं 3.58 युरो किलोने पडतंय आणि शेजारच्या सुट्या मिरच्या 2.99ने आहेत, हे उभ्या उभ्या कळतं. माल कुठल्या देशातून आला तेही बहुतेक भाज्यांवर लिहिलेलं असतं. टोमॅटो, ढोबळी मिरची, सफरचंद अशा काही मालाला वर्गही असतो, पहिला किंवा दुसरा.

हा वर्ग समजून घ्यायला मला वेळ लागला. तो मुख्यतः दिसण्याचा आहे: आकार, रंग, डाग, एकसारखेपणा. चवीशी त्याचा फारसा संबंध नाही. पूर्वी युरोपात पहिल्या वर्गाच्या काकडीला 10 सेंटिमीटरमागे 10 मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नसे. तो नियम 2009 साली रद्द झाला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काकडी कडू आहे का ते कोण बघतं मग?" बरोबरच आहे. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायची असेल तर वाकडी घ्यायला काहीच हरकत नाही.

भाव करायचा तर जावं लागतं कालव्याकाठी. नॉयकोल्न भागात लांडवेअर कालव्याच्या कडेने, मायबाखउफर नावाच्या रस्त्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. सगळे त्याला टर्किश बाजार म्हणतात. सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि संध्याकाळी साडेसहाला उठतो. पहिल्यांदा गेले तेव्हा एका विक्रेत्याने मला "आब्ला!" अशी हाक मारली. तुर्कीत आब्ला म्हणजे मोठी बहीण, म्हणजे आपली ताईच. परक्या गावात कोणीतरी भाजीच्या ढिगामागून ताई म्हणून हाक मारावी, याने मला भरून आलं होतं.

पण या बाजारातही घासाघीस आपल्यासारखी होत नाही. दुपारी दोन वाजता किलोचा भाव दोन युरो लिहिला असेल आणि तुम्ही दीड म्हणालात, तर विक्रेता मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आपल्याकडे भाव पाडतात, इथे माप वाढवतात. "दोन किलो घेते, किती?" असं विचारलं की साडेतीन होतात. "हेही त्यात टाका" म्हटलं की कोथिंबिरीची जुडी पिशवीत पडते. आणि वेळ बघावी लागते. साडेपाचनंतर आरोळ्या बदलतात. किलोचा हिशेब संपतो आणि वाडग्याचा सुरू होतो: वाडगाभर काहीही घ्या, एक युरो. सहाच्या पुढे वाडगाही जातो आणि खोक्याचा भाव चालू होतो.

हे इतकं स्वस्त कसं, याचं कारण कळल्यावर मी जास्त शहाणपणाने घेऊ लागले. सुपरमार्केटला असा माल लागतो, जो फळीवर आणि मग तुमच्या घरी काही दिवस टिकेल. बर्लिनच्या घाऊक बाजारात, बॉयसेलश्ट्रासेला, पूर्ण पिकलेला, दोन दिवसांतच खपायला हवा असा मालही पहाटे येतो. तो कमी भावात उचलून त्याच दिवशी संपवणं हे फिरत्या विक्रेत्याचं काम. म्हणजे स्वस्त आहे तो वाईट असेलच असं नाही. पण त्या मालाकडे वेळ थोडा उरलेला असतो. त्या वेळात तो संपवणं तुमच्या स्वयंपाकघराला जमेल का, हा खरा प्रश्न.

गेल्या सप्टेंबरमधला एक हिशेब सांगते. शुक्रवारी सव्वासहाला एका गाळ्यावर टोमॅटोचं खोकं पाच युरोला होतं. मी चार म्हटलं, त्याने आवराआवर करता करता "घेऊन जा" म्हटलं. घरी येऊन वजन केलं तर 5.2 किलो भरलं. ओट्यावर सगळे पसरले आणि तीन ढीग केले. तळाचे पिचलेले, बुरशी धरलेले 700 ग्रॅम थेट टाकले. मऊ पडलेले पण वासाला गोड असे दीड किलो वेगळे काढले. तीन किलो घट्ट निघाले. मऊ ढीग त्याच रात्री चिरला, कांदा-लसूण घालून आटवला आणि डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला. घट्ट तीन किलो पुढच्या आठवडाभरात सार, कोशिंबीर, आमटी, ऑम्लेट यांत संपले.

म्हणजे 4 युरोत खाण्याजोगे साडेचार किलो मिळाले, किलोला साधारण 89 सेंट. त्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये सुटे टोमॅटो 2.49 होते. पण त्या रात्री मी दमून झोपले असते तर? मऊ ढीग शनिवारी गेलाच असता आणि त्याने शेजारचे बिघडवले असते. दोघांच्या घरात दीड किलोच पोटात गेले असते, तर भाव पडला असता 2.67. म्हणजे दुकानापेक्षा महाग, वर टाकायचा ताप वेगळा. म्हणून शुक्रवारी रात्री एक तास मोकळा नसेल तर मी खोक्याला हात लावत नाही. वाडगा घेते, तोही मला दिसतोय तो. समोर रचलेला ढीग देखणा असतो आणि पिशवीत मागच्या बाजूचा माल पडतो, हे जगातल्या कुठल्याही बाजारात होऊ शकतं. "हाच द्या" असं बोट दाखवून म्हटलं की बहुतेक जण हसून तोच ओततात. हाताने चिवडलेलं मात्र इथे आवडत नाही. टोक मोडून बघण्याची आईची रीत इथे चालत नाही, डोळ्यांनी आणि नाकानेच काम भागवावं लागतं. देठ बघायचा: टोमॅटोचा हिरवा आणि ताठ हवा, वांग्याचा सुकून तपकिरी झालेला नको.

हंगामाचं गणित मला इथे श्पार्गेलने शिकवलं. श्पार्गेल म्हणजे पांढरा शतावरीचा कोंब. एप्रिलच्या मध्याला तो आला की इथले लोक आपल्याकडे पहिला हापूस आल्यासारखे बोलू लागतात. बर्लिनच्या नैर्ऋत्येला बेलित्स गावाभोवती त्याची शेतं आहेत आणि हंगामात शहरभर त्याच्या टपऱ्या उभ्या राहतात. शेवटचा दिवस ठरलेला: 24 जून. त्यानंतर कोंब काढत नाहीत, कारण झाडाला पुढच्या वर्षासाठी पाला वाढवून मुळांत ताकद साठवायची असते.

पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्येच जाड, सरळ, पहिल्या वर्गाचे कोंब 15 युरो किलोने आणले. मेच्या मध्याला ऊन पडल्यावर तेच 9ला होते. टपरीवरच्या आजींशी भाव करायला गेले, तेव्हा त्यांनी नकार दिला नाही, फक्त बाजूच्या टोपलीकडे बोट केलं. त्यात काढताना तुटलेले कोंब होते, जवळपास निम्म्या भावात. मला ते दाण्याच्या कुटात परतायचे होते, म्हणजे तुकडे करायचेच होते. ताजेपणा तोच, कारण काढले त्याच सकाळी. तेव्हापासून मी आधी तुटक्यांची टोपली बघते.

पण त्यांनी आणखी एक दाखवलं, ते मला कुठल्या पाटीवर वाचायला मिळालं नसतं. पांढरा श्पार्गेल सोलावा लागतो. बारीक कोंब स्वस्त दिसतात, पण बारीक कोंबाला साल जास्त. किलोभर बारीक सोलले की हातात फार थोडं उरतं. त्यामुळे तुटके घ्यायचे तरी जाड तुकड्यांचे. ताजेपणासाठी दोन कोंब एकमेकांवर घासायचे. ताजे असतील तर कुरकुरतात. कापलेलं टोक दाबलं तर ओलसर लागलं पाहिजे. शिळ्याचं टोक वाळून दोऱ्यासारखं होतं.

त्या आजींकडे मी आता भाव करत नाही. त्यांचा भाव पाटीवर असतो, वर्गाप्रमाणे वेगवेगळा, आणि त्यांनी मला खराब कोंब कधी दिला नाही. 7 युरो 35 सेंट झाले तर त्या 7 घेतात, मी न मागता. कालव्याकाठी दुपारी दोनला मी पाटीवरचा भाव देते, कारण तेव्हा माल निवडून मिळतो. सहाला मी कमी देते, कारण तेव्हा निवड विक्रेत्याची आणि निम्मा धोका माझा असतो.

फेब्रुवारीत मात्र कुठेच भाव करण्यात अर्थ नसतो. टोमॅटो तेव्हा स्पेनच्या किंवा मोरोक्कोच्या काचघरांतून किंवा प्लास्टिकघरांतून येतात, टणक असतात, वास नसतो, आणि भाव उन्हाळ्याच्या दुप्पट. अर्धा युरो कमी करून घेतले तरी साराला चव येत नाही. त्या दिवसांत मी कोबी, गाजर, बीट, लीक घेते आणि फ्रीजरमधला सप्टेंबरचा डबा काढते.

परवा आईला कॉलवर तो डबा दाखवला. तिने विचारलं, "किती पडला?" मी म्हटलं, "89 सेंट." तिने गुणलं नाही. म्हणाली, "देठ बघितला होतास ना?"