तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फातल्या ट्रेकला हातमोजे कुठले?

"ताई, जानेवारीत केदारकंठाला निघालोय. सगळ्यात जाड वॉटरप्रूफ हातमोज्यांची एक जोडी घेतली की भागेल ना? का मिटन्स घेऊ?"

एका जोडीवर नाही भागणार, मग ती कितीही महाग असो. तीन वेगवेगळ्या गोष्टी घ्या: थेट हातावर घालायचे पातळ लायनर, त्यावर लोकरीचे किंवा फ्लीसचे मध्यम हातमोजे आणि सगळ्यात वर घालायला सैल, वारा-पाणी अडवणारे मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चारही बोटं एकत्र राहतात ते. लायनरच्या मात्र दोन जोड्या हव्यात. का, ते पुढे सांगते.

ठाण्याहून जाणारे आपण सगळे थंडीला घाबरून खरेदी करतो, आणि हात गारठतात ते बहुतेक वेळा घामामुळे. केदारकंठ्याची शिखराची वाट पहाटे अंधारात सुरू होते. तंबूबाहेर उणे आठ-दहा असतं, म्हणून माणूस जाडजूड हातमोजे घालूनच निघतो. पण चढ लगेच लागतो. अर्ध्या तासात अंग तापतं, तळहाताला घाम सुटतो आणि तो हातमोज्याच्या आतल्या कापसासारख्या भरावात मुरतो. भराव ऊब धरतो ती त्यात अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की तोच भराव हातातली उष्णता बाहेर ओढायला लागतो. चढताना हे कळत नाही. कळतं ते वरच्या धारेवर, पावलं मंदावल्यावर आणि वारा सुरू झाल्यावर. उणे दहात ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे वीससारखी लागते.

आमच्या गटातल्या एका मुलाचं मी हे अगदी जवळून पाहिलं. हातमोजे उत्तम होते, चांगले जाड. सूर्योदयाचे फोटो काढायला त्याने ते काढले तर आतलं अस्तर ओल्या बोटांना चिकटून उलटं बाहेर आलं. मग बोटं काही केल्या परत आत जाईनात. पाच मिनिटांत त्याच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली आणि तो म्हणाला, "आता दुखायचं थांबलं." दुखतंय तोवर बरं असतं, कारण तिथे रक्त पोचतंय. दुखणं थांबून बधिरपणा आला, तर तिथेच थांबायचं. आम्ही त्याचे हात त्याच्याच जॅकेटच्या आत, काखेत धरायला लावले आणि त्याला कोरडे लायनर दिले. थोड्या वेळाने बोटांना झोंबायला लागलं, रंग परतला. अशा वेळी हात चोळायचे नाहीत, बर्फाने तर मुळीच नाहीत. गारठलेली कातडी त्याने आणखी दुखावते. ऊब देऊनही रंग आणि जाणीव परतली नाही, तर शिखर विसरून खाली उतरायचं.

आता मिटन्सचं. बोट म्हणजे बारीक नळी, तिला चहूबाजूंनी थंडी लागते. प्रत्येक बोटाभोवती वेगळा भराव वाढवत गेलं तर थंडीला उघडा पडणारा पृष्ठभागही वाढत जातो, त्यामुळे हातमोजा एका मर्यादेपलीकडे ऊबदार होत नाही. मिटनमध्ये चारही बोटं एका खोलीत राहतात आणि एकमेकांना तापवतात. ऊब हवी असेल तर मिटनला तोड नाही. पण मिटन घालून बकल लागत नाही, झिप सापडत नाही, बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली लावायच्या मायक्रोस्पाइक्सचं रबर ताणता येत नाही. म्हणून लायनर. मिटन काढल्यावरही हात उघडा पडता कामा नये, कारण त्या थंडीत धातूला उघडं बोट लावणं वाईटच. लायनर मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे घ्या. सुती नको, ते भिजतात आणि वाळत नाहीत.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवा. स्पाइक्स तंबूजवळच, लायनर घालून, हात गरम असताना चढवा. चढायला लागताना लायनर आणि फ्लीस एवढंच. पहिली दहा मिनिटं बोटं किंचित गार वाटली तर ते बरोबर आहे. तळहात दमट वाटला तर फ्लीस काढून नुसत्या लायनरवर चाला. धार लागण्याआधीच्या थांब्यावर ओलसर लायनर बदला आणि मिटन्स तिथेच चढवा. हात गारठेपर्यंत वाट पाहू नका, कारण मिटन स्वतः ऊब तयार करत नाही, हातातली राखतो. त्याच थांब्यावर वरचं जॅकेट घाला आणि काहीतरी खा. छाती-पोट गारठलं की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा आखडतं, मग मिटन कितीही चांगला असून उपयोग नाही. तरी बोटं गारच राहिली, तर हात खांद्यापासून जोरात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांपर्यंत जातं. थांब्यावर खायच्या चिक्कीचं वेष्टण आदल्या रात्रीच काढून ठेवा, म्हणजे तिथे त्यासाठी मिटन काढावा लागत नाही.

मिटन्सना मनगटात अडकवायची दोरी हवीच. धारेवर वाऱ्याने एक मिटन उडाला की तो दरीतच जातो.

काढलेले ओले लायनर सॅकच्या बाहेर लटकवू नका, तिथे ते कडक होतात. जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा, शरीराच्या उबेने बरेच वाळतात. रात्री थोडे दमट असतील तर स्लीपिंग बॅगेत अंगाशी घ्या. शेकोटीवर धरायचा मोह आवरा. सिंथेटिक कापड वितळतं आणि चामड्याचा तळवा आकसून ताठ होतो.

खरेदीत आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. दुकानात उकडत असतं, म्हणून मिटन नुसत्या हातावर घालून पाहतात, मापात बसला की घेतात. लायनर आणि फ्लीस घरून घेऊन जा आणि त्यावर घालून पाहा. मूठ वळली पाहिजे, मूठ वळल्यावर बोटांची टोकं दाबली जाता कामा नयेत. घट्ट मिटनमध्ये भराव चेपतो आणि रक्तही अडतं. मनगट जॅकेटच्या बाहीखाली नीट झाकलं जातंय का तेही बघा. आतलं अस्तर सुटं निघत असेल तर उत्तम, वाळवता येतं. शिवलेलं असेल तर बोटाच्या टोकाशी चिमटीत धरून हलकेच ओढा. सरकलं तर ती जोडी सोडा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावात भाड्याने घेणार असाल, तर हात थेट टोकापर्यंत घालून आत ओल आहे का ते तपासा.

एक शेवटचं, ठाण्यात राहणाऱ्यांसाठी. परत आल्यावर मिटन्स पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. आपल्या दमट उकाड्यात पॉलियुरेथेनचा आतला थर हळूहळू चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. आतून-बाहेरून पूर्ण वाळवून, सैल, हवा लागेल असे ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा काढून आत हात घाला. चिकट लागलं किंवा पांढरा भुगा हाताला आला, तर तो मिटन आता पाणी अडवणार नाही. नवीन घ्या, जानेवारीच्या बरंच आधी.