पाणी विकत घेणारी घरं किती? एका बेरजेचा अनुभव

औसा तालुक्यातल्या एका गावात आम्ही उन्हाळ्यातल्या पाण्याचं सर्वेक्षण केलं. ग्रामपंचायतीला प्रस्ताव द्यायचा होता आणि त्यात एक गोष्ट ठामपणे सांगायची होती: किती घरांना पाण्यासाठी पैसे मोजावे लागतात. लातूर जिल्ह्यात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते लोकांच्या चांगलंच लक्षात आहे. त्यामुळे आकडा वाढवूनही सांगायचा नव्हता आणि कमीही पडू द्यायचा नव्हता.

फॉर्म मोबाइलवरच्या गूगल फॉर्म्समध्ये होता. प्रश्न असा: 'मार्च ते मे या काळात घरात पाणी कुठून येतं? लागू असतील तितके पर्याय निवडा.' पर्याय सात होते. नळ, विहीर, बोअर, शेजारचा बोअर, सरकारी टँकर, खासगी टँकर, जार. शेजारचा बोअर हा पर्याय मुद्दाम वेगळा ठेवला, कारण आमच्याकडे तो बहुतेक वेळा विकतचाच असतो. तासावर किंवा हंड्यावर पैसे ठरलेले असतात, आणि या गावातही तसंच आहे हे आधी विचारून घेतलं होतं. एकाहून जास्त पर्याय निवडू देणंही भाग होतं. वापरायला खासगी टँकर आणि प्यायला जार, असं कितीतरी घरांत चालतं. एकच उत्तर मागितलं असतं तर यातली निम्मी गोष्ट हरवली असती.

गावठाण आणि तांडा मिळून 200 घरं झाली. त्यातल्या 190 घरांनी या प्रश्नाला उत्तर दिलं. माहिती भरणाऱ्या मुलाने पहिला तक्ता केला, त्यात विकतच्या पाण्याच्या तीन ओळी अशा होत्या: खासगी टँकर 71 घरं, जार 62, शेजारचा बोअर 38. टक्केवारीत 37.4, 32.6 आणि 20. तो म्हणाला, "दादा, तिन्हींची बेरीज 171 येते. म्हणजे नव्वद टक्के घरं पाणी विकत घेतात. असंच लिहू ना?"

सरपंचताई शेजारीच बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "नव्वद कसं होईल? गावठाणात वरच्या आळीला बहुतेक घरचेच बोअर हाईत की."

ताईंची शंका बरोबर होती. 171 ही घरांची संख्या नव्हतीच, ती टिकांची संख्या होती. ज्या घराने टँकर आणि जार दोन्हींवर टिक केली ते घर दोन ओळींत आलं, आणि तिन्हींवर केली ते तीन ओळींत. ओळींची बेरीज करताना त्या घराला दोनदा, तीनदा मोजलं गेलं. सातही पर्यायांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी वर जात होती. अशा प्रश्नात ती तशी जाणारच, त्यात चूक काही नाही. चूक होते ती काही ओळी निवडून त्यांना एका नावाखाली एकत्र करताना. आणि ती सहजासहजी दिसत नाही, कारण 90 हा आकडा शंभराच्या आतच आहे. 120 टक्के आले असते तर कुणीही थांबलं असतं.

जनगणनेचा तक्ता पाहायची सवय असेल तर हा घोटाळा आणखी सहज होतो. 2011च्या जनगणनेत घराचा पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारला होता, म्हणजे एका घराचं एकच उत्तर. तिथे दोन ओळी बिनधास्त मिळवता येतात. आमच्या तक्त्याचं रूप हुबेहूब तसंच, पण त्यातल्या ओळींची बेरीज चालत नाही. म्हणून तक्ता हातात आला की मी आधी प्रश्नाचे शब्द बघतो, आकडे नंतर.

उपाय एकच होता: तक्ता बाजूला ठेवायचा आणि घराघराच्या मूळ ओळींवर जायचं. प्रत्येक घराला विचारायचं, या तिन्हींपैकी किमान एकावर टिक आहे का? असेल तर 1, नसेल तर 0. मग ते घर कितीही ठिकाणी असो, मोजलं जाणार एकदाच.

गूगल फॉर्म्स एका घराची सगळी उत्तरं एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहितं, उदाहरणार्थ 'नळ, खासगी टँकर, जार'. ती आधी वेगवेगळ्या स्तंभांत फोडावी लागतात. इथे एक खाचखळगा आहे. माहिती भरणाऱ्या मुलाने मोजायला `COUNTIF(E:E,"*बोअर*")` वापरून पाहिलं होतं. त्यात घरचा बोअर असलेली घरं तर आलीच, पण 'शेजारचा बोअर' असलेलीही आली, कारण त्या नावातही 'बोअर' हा शब्द आहे. ज्याच्या दारात बोअर आहे आणि जो शेजाऱ्याकडून हंडे भरतो, ते दोघे एकाच आकड्यात. म्हणून उत्तराच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडून पर्यायाचं पूर्ण नाव शोधलं. मूळ उत्तर E स्तंभात, आणि F1, G1, H1 मध्ये तीन पर्यायांची नावं जशीच्या तशी:

```
=IF($E2="","",IF(ISNUMBER(SEARCH(", "&F$1&",",", "&$E2&",")),1,0))
```

हे F2 मध्ये लिहून H201 पर्यंत ओढलं. पर्यायाच्या नावातच स्वल्पविराम असेल तर हा मार्ग फसू शकतो, त्यामुळे फॉर्म करतानाच नावं साधी ठेवलेली बरी.

मग I स्तंभात 'विकतचं पाणी':

```
=IF($E2="","",IF(SUM(F2:H2)>0,1,0))
```

सुरुवातीचा `$E2=""` हा भाग मी आग्रहाने ठेवला. तो नसेल तर ज्या 10 घरांनी उत्तरच दिलं नाही त्यांची बेरीज शून्य येते आणि ती 'विकत घेत नाहीत' अशा घरांत गुपचूप जाऊन बसतात. उत्तर न मिळणं आणि उत्तर 'नाही' असणं यात फरक आहे, आणि भागाकार 200 ने करायचा की 190 ने हे त्यावरच ठरतं.

`SUM(I2:I201)` ने 117 दिले आणि `COUNT(I2:I201)` ने 190. म्हणजे 61.6 टक्के. नव्वद कुठे आणि बासष्टच्या आत कुठे!

एवढा फरक पडल्यावर ताळा करणं आलंच. त्यासाठी J स्तंभात प्रत्येक घराच्या या तीन पर्यायांपैकी किती टिका आहेत ते काढलं. एकच टिक असलेली घरं 70 निघाली, दोन असलेली 40, तिन्ही असलेली 7. यांची बेरीज 117, आणि टिका मोजल्या तर 70 अधिक 80 अधिक 21, म्हणजे बरोबर 171. जुना आकडाही जुळला आणि नवाही, आणि मधले 54 कुठून आले तेही दिसलं. 40 घरं एकेकदा जास्त मोजली होती आणि 7 घरं दोन-दोनदा.

गावातल्या गणिताच्या सरांनी हेच शाळेतल्या संचांच्या रीतीने करून दाखवलं. टँकर आणि जार दोन्ही असलेली घरं 34, टँकर आणि शेजारचा बोअर 15, जार आणि शेजारचा बोअर 12. ही सामाईक घरं 171 मधून वजा केली की 110 उरतात. इथे थांबायचं नाही, हे सरांनी दोनदा बजावलं. तिन्ही पर्याय असलेली 7 घरं सुरुवातीला तीनदा मिळवली गेली आणि जोड्या वजा करताना तीनदाच गेली, म्हणजे आता ती कुठेच उरली नाहीत. ती परत मिळवायची, की 117. दोन पर्यायांपुरती ही रीत सुटसुटीत आहे. तीनच्या पुढे जोड्या आणि त्रिकुटं इतकी वाढतात की घरागणिक 1 आणि 0 लिहिणंच सोपं पडतं.

घरागणिक ओळी हातात नसतील तर मात्र हे काही करता येत नाही. त्याच गावाचा एक जुना अहवाल आमच्याकडे होता, त्यात फक्त छापील तक्ता. सरपंचताईंना त्याच्याशी तुलना हवी होती. मी त्यांना आमच्याच आकड्यांवर समजावलं. आमच्याकडे फक्त 71, 62 आणि 38 हे तीन आकडे असते, तर खरी संख्या कमीत कमी 71 (बाकीची सगळी घरं टँकरवाल्यांतलीच असतील तर) आणि जास्तीत जास्त 171 (एकही घर सामाईक नसेल तर), एवढंच सांगता आलं असतं. मधला कुठलाही आकडा म्हणजे अंदाज. जुन्या अहवालावर म्हणूनच 'विकतचं पाणी' असा एकत्र आकडा काढला नाही. टँकरची टँकरशी आणि जारची जारशी तुलना केली. पाणी विकत घेणं वाढलं का, या ताईंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर त्यातून मिळालं नाही, पण जे मिळालं ते खरं होतं.

बेरीज करायचीच नाही, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. गावठाणातली 72 घरं आणि तांड्यावरची 45 मिळवून 117 होतात, ते योग्यच आहे, कारण एक घर एकाच वस्तीत असतं. घरं एकमेकांत मिळवता येतात. एकाच घराने दिलेली उत्तरं मिळवता येत नाहीत.

शेवटचा गुंता पैशांचा होता. महिन्याचा पाण्याचा खर्च आम्ही घरामागे एकदाच विचारला होता, टँकरचा वेगळा आणि जारचा वेगळा असा नाही. पर्यायवार तक्ता केला तेव्हा महिना 1,200 रुपये देणारं टँकर-जारवालं घर दोन्ही ओळींत 1,200 घेऊन उभं राहिलं. त्या ओळींची बेरीज केली असती तर गावाचा खर्च फुगला असता. शिवाय ते 1,200 टँकरचे किती आणि जारचे किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते वाटूनही देता येईनात. म्हणून गावाचा एकूण खर्च खर्चाच्या स्तंभावरून घरागणिक एकदाच घेतला:

```
=SUMIF(I2:I201,1,K2:K201)
```

प्रस्तावात तक्त्याच्या खाली आम्ही लिहिलं: 'एका घराने एकाहून अधिक पर्याय निवडले आहेत, त्यामुळे ओळींची बेरीज करू नये. खासगी टँकर, जार किंवा शेजारचा बोअर यांपैकी किमान एका मार्गाने पाणी विकत घेणारी घरं 190 पैकी 117.' वर्तुळाचा आलेख काढून टाकला, कारण तो सगळ्या तुकड्यांची बेरीज शंभर धरतो. त्याच्या जागी साध्या पट्ट्या दिल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या फॉर्ममध्ये टँकर, जार आणि शेजारचा बोअर यांचा खर्च वेगवेगळा विचारायचं ठरलं आहे. 'यांपैकी सगळ्यात जास्त पाणी कुठून येतं?' असा एकच उत्तर घेणारा प्रश्नही त्यात घातला आहे, म्हणजे त्या एका तक्त्याच्या ओळी तरी बेधडक मिळवता येतील.