आमची वाटचाल: गिव्हअवेला आलेले किती राहिले आणि शुक्रवारच्या चकलीला आलेले किती

२०१६ साली सासूबाईंच्या हातचा गोडा मसाला शेजारच्या चार घरांत दिला तिथून आमचं सुरू झालं, मग भाजणी, मेतकूट, उपवासाची भाजणी असं एकेक वाढत गेलं आणि आज सांगलीत आमच्या छोट्या युनिटमध्ये माझ्यासोबत चार बायका काम करतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती म्हणून इन्स्टाग्रामवर पेज काढलं. ऑर्डरी व्हॉट्सॅपवर येतात पण नवीन गिऱ्हाईकाला आमची ओळख इन्स्टावरच होते, त्यामुळे फॉलोअर हा विषय आमच्यासाठी धंद्याचाच आहे. आज लिहिणार आहे ते या फॉलोअरबद्दलच, कारण यातली एक गोष्ट समजायला आम्हाला चार वर्षं लागली.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही गिव्हअवे केला. १४ ते २३ ऑक्टोबर, पेज फॉलो करा, दोन मैत्रिणींना टॅग करा, १० जणींना ८५० रुपयांचा हॅम्पर. पोस्ट सगळ्या आधीच तयार करून Meta Business Suite मधल्या Planner मध्ये लावून ठेवल्या होत्या. ४,३१० वर असलेलं पेज दोन आठवड्यांत साडेपाच हजाराच्या जवळ गेलं, आम्ही सगळ्या खूष, पेढे वाटले. आणि मग नोव्हेंबर डिसेंबरमध्ये आकडा रोज थोडा थोडा खाली, नवीन वर्ष उजाडलं तेव्हा ४,९८०. मला वाटलं आपल्याच पोस्ट लोकांना आवडेनाशा झाल्या, भाजणीचे फोटो कंटाळवाणे झाले का काय.

माझी भाची एका कंपनीत डेटाचं काम करते, ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरी आली होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "मावशी, जे गेले ते कधी आलेले होते?" मला सांगताच येईना. ती म्हणाली, "एकूण आकडा बघून काही कळत नाही गं, तू पाकिटावर दळल्याची तारीख लिहितेस ना, तशी फॉलोअरवर लिही." अशा एकाच काळात आलेल्यांच्या गटाला डेटावाले कोहोर्ट म्हणतात. आम्ही घाणा म्हणतो, एका मोहिमेत आलेले लोक म्हणजे एक घाणा, आणि मग तो घाणा किती दिवस टिकतो ते बघायचं.

आता तारीख कुठून आणायची? इन्स्टाच्या इन्साइट्समध्ये रोज किती आले किती गेले दिसतं, पण गेलेले कोणत्या मोहिमेत आलेले होते ते दिसत नाही. त्यावर उपाय असा की Accounts Center मधून स्वतःच्या अकाउंटची माहिती डाउनलोड करायची. तिथे फॉलोअरची यादी निवडायची, फॉरमॅट JSON घ्यायचा आणि कालावधी All time, नाहीतर यादी अर्धवट येते आणि आपल्याला कळतही नाही, आमची पहिली फाइल तशीच आली होती. नीट आलेल्या followers_1.json फाइलमध्ये प्रत्येक फॉलोअरसमोर timestamp असतो, म्हणजे त्यानं नेमकं कधी फॉलो केलं तो क्षण. तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असतो आणि ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे मोजलेला असतो, त्यामुळे साडेपाच तास मिळवावे लागतात, नाहीतर रात्री दोनला फॉलो करणारी बाई आदल्या दिवसात जाऊन बसते. शीटमध्ये A कॉलमला हे आकडे टाकले की B मध्ये पहिली ओळ, आणि घाणा मोजायला दुसरी.

```
=A2/86400 + DATE(1970,1,1) + TIME(5,30,0)
=COUNTIFS(B:B,">="&DATE(2024,10,14),B:B,"<"&DATE(2024,10,27))
```

दुसऱ्या ओळीत २७ ऑक्टोबर का, तर मोहीम संपल्यावरचे तीन दिवस आम्ही तिच्यातच धरतो, शेवटची पोस्ट उशिरा बघणारे असतात. लोकांची नावं आम्ही शीटमध्ये ठेवतच नाही, गरज लागत नाही, तारखा मोजल्या की झालं. आणि नाव बदलणाऱ्या लोकांमुळे नावं जुळवताना घोळ होतो तोही टळतो.

यात एक मोठा खड्डा आहे. या फाइलमध्ये फक्त आज हजर असलेले लोक असतात, जे सोडून गेले त्यांचा मागमूस नाही. म्हणजे घाण्यात मुळात किती होते हे फाइल सांगत नाही, ते वेळच्या वेळी लिहून ठेवावं लागतं. आमचं ऑक्टोबरचं लिहिलेलं नव्हतं. इन्साइट्समध्ये मागचे ९० दिवसच बघता येत होते आणि भाची आली तेव्हा १४ ऑक्टोबर अजून त्या ९० दिवसांत होता, एक आठवडा उशीर झाला असता तर सुरुवातीचे दिवस हातातून गेले असते. त्यातून कळलं की १४ ते २६ ऑक्टोबरमध्ये १,२०६ जण आले.

पण ते सगळे गिव्हअवेमुळे आले असं नाही ना. काहीही न करता सुद्धा रोज थोडे लोक येतातच. डिसेंबरच्या पहिल्या १४ दिवसांत आम्ही एकही पोस्ट टाकली नव्हती, तेव्हा ७० जण आले, म्हणजे रोजचे ५. तेरा दिवसांचे ६५ वजा केले, गिव्हअवेचे राहिले १,१४१. खरं तर दिवाळीच्या तोंडावर भाजणी शोधणारे जास्तच असतात त्यामुळे ६५ हा आकडा कमी धरलेला असणार, पण ती सूट गिव्हअवेच्या बाजूनं आहे म्हणून तशीच ठेवली.

भाची आली त्याच आठवड्यापासून आम्ही दुसरी मालिका लावली, "चकली का बिघडते". १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी, दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एक रील, आठ शुक्रवार, आठवडाभर आधी Planner मध्ये लावलेलं. बक्षीस नाही, टॅग नाही, फक्त एक बिघाड दाखवायचा आणि का झाला ते सांगायचं. मोहन जास्त पडलं की चकली तेलात सुटते, कमी पडलं की दगड होते. तेल फार तापलेलं असलं की वरून लाल आणि आत मऊ. तिसऱ्या रीलमध्ये आमच्या ताई सोऱ्यातून चकली थेट कढईत सोडतात आणि ती तेलात पडल्या पडल्या विस्कटून तुकडे तुकडे होते, मग त्याच पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळून पुन्हा मळून दुसरी सोडतात आणि ती अख्खी राहते, एवढंच, चाळीस सेकंद.

मालिका चालू असताना बाकीच्या पोस्ट बंद ठेवायच्या असं ठरवलं होतं, नाहीतर कोण कशामुळे आलं हे वेगळं करता येत नाही. तरी संक्रांतीला तिळगुळाची एक पोस्ट टाकलीच. पोस्टच्या इन्साइट्समध्ये त्या पोस्टवरून किती फॉलो झाले ते दिसतं, तिथे ६ होते, म्हणून फारसा फरक पडला नाही.

मालिकेच्या तीन दिवस पुढपर्यंत, म्हणजे ५३ दिवसांत, ५७३ आले. नेहमीचे २६५ वजा करून ३०८. गिव्हअवेच्या १,१४१ समोर ३०८! आमच्यातल्या दोघी म्हणाल्या की पुन्हा गिव्हअवेच करूया आणि त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलेलं होतं.

मार्चमध्ये मी दोन्ही घाणे एकाच तारखेला मोजले, गिव्हअवेचे निम्म्याहून जास्त गेलेले आणि चकलीचे जवळपास सगळे हजर. मी लगेच निकाल लावायला निघाले तर भाची म्हणाली की हे चुकीचं आहे, एका घाण्याला चार महिने झालेत आणि दुसऱ्याला आठवडाही नाही, शिळी चकली आणि ताजी चकली शेजारी ठेवून खुसखुशीत कोणती असं कसं विचारशील. दोन्ही घाण्यांचं वय सारखं असताना मोजायचं, मोहिमेचे तीन जादा दिवस संपल्यापासून गिव्हअवेचा ९०वा दिवस आणि चकलीचा ९०वा दिवस. गिव्हअवेचा ९०वा दिवस २४ जानेवारीला होऊन गेला होता, पण फाइलमध्ये नेमके त्या दिवशीचे आकडे आमच्याकडे होते कारण भाचीनं तेव्हाच आठवणीनं डाउनलोड करायला लावलं होतं. चकलीसाठी १ जूनपर्यंत थांबलो.

९० दिवसांनी गिव्हअवेच्या १,१४१ पैकी ३५० उरले, म्हणजे शंभरातले ३१. चकलीच्या ३०८ पैकी २६४, शंभरातले ८६. (नेहमीच्या लोकांतले साधारण शंभरात ८० टिकतात असं आधीच्या महिन्यांवरून दिसलं होतं, तेवढे दोन्हीकडून वजा केलेत.)

तरी ३५० हे २६४ पेक्षा जास्तच आहेत, हेही खरं, म्हणून आम्ही तिथे थांबलो नाही, १८०व्या दिवशी परत मोजलं. गिव्हअवेचे ३५० चे २२८ झाले होते, चकलीचे २६४ चे २४९. टिकाऊ कशाला म्हणायचं ते मला इथे समजलं. ग्राफ काढला तर गिव्हअवेची रेघ अजून उताराला लागलेली आहे, कुठे थांबेल सांगता येत नाही, चकलीची रेघ सुरुवातीला थोडी उतरून आडवी झाली आहे. रेघ आडवी कुठे होते ते बघायचं, पहिल्या आठवड्याची उडी नाही.

आणखी एक गोष्ट मालिकेच्या आत सापडली. तिसरं रील, तेच विस्कटणाऱ्या चकलीचं, नेहमीपेक्षा खूप लांब गेलं, नेहमीचे वजा करून त्या एका आठवड्यात १०० लोक आले. त्यांच्यातले ९० दिवसांनी ७१ राहिले. बाकी सात शांत आठवड्यांत मिळून २०८ आले, त्यांतले १९३ राहिले, शंभरातले ९३. त्या रीलमध्ये बोलणं फारच कमी होतं म्हणून ते मराठी न कळणाऱ्यांपर्यंतही गेलं, पुढच्या शुक्रवारी ताई मराठीत समजावून सांगायला लागल्या तसे त्यातले काही निघून गेले असं मला वाटतं, कारण त्या रीलखालच्या कमेंट निम्म्या दुसऱ्या भाषांत होत्या.

चुका होण्याच्या जागा अजून आहेत. मे महिन्यात एका दिवशी एकदम ६० जण कमी झाले, मी घाबरले, पण ते सगळ्या घाण्यांतून थोडे थोडे गेले होते, अगदी २०२१ मधले सुद्धा, म्हणजे ती खोटी अकाउंटं एकदम काढली गेली असावीत, आमच्या पोस्टचा संबंध नाही. एकाच घाण्यातून माणसं गळायला लागली तरच त्या मोहिमेत कारण शोधायचं. आणि जी बाई सोडून जाते आणि परत येते तिची तारीख नवी होते, ती आम्हाला नवीनच दिसते, याला इलाज नाही.

गिव्हअवे या वर्षी केला नाही. त्या ८,५०० रुपयांतून ट्रायपॉड आणि लाइट घेतला, आणि सप्टेंबरमध्ये चार शुक्रवार उपवासाच्या भाजणीची मालिका केली, थालीपीठ थापताना का फाटतं, तव्याला का चिकटतं. तीन जादा दिवस धरून ती २९ सप्टेंबरला संपली आणि किती आले ते त्याच दिवशी वहीत लिहिलं. तिचे ९० दिवस २८ डिसेंबरला भरतात.